दर वाढले, आरपीएम मात्र ₹६४ वरून ₹२४ वर: एका मराठी चॅनलच्या दोन महिन्यांचा हिशेब

प्रकरण असं आहे. सांगलीतलं एक जोडपं यूट्यूबवर पैशांच्या व्यवहारांबद्दल मराठीत व्हिडिओ करतं. गृहकर्ज, प्राप्तिकर, विमा, आणि परदेशातल्या मराठी माणसांना लागणारे एनआरई-एनआरओ खात्यांचे विषय. सप्टेंबरमध्ये चॅनलचा आरपीएम, म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे हातात येणारी रक्कम, ₹६४.६० होती. ऑक्टोबरमध्ये ती ₹२४ वर आली. व्ह्यूज मात्र अडीच लाखांवरून आठ लाखांवर गेले. दोघांनी काढलेला निष्कर्ष: "यूट्यूबने दर कापला." त्यावर ठरवलेला उपाय: पुढचे सगळे व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर न्यायचे, शॉर्ट्स बंद करायचे, आणि जमलं तर इंग्रजीत बोलायचं, कारण अमेरिकेत पैसा जास्त.

निष्कर्ष चुकीचा होता. तिन्ही उपायांपैकी एकही जसाच्या तसा कामाचा नव्हता.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हे चॅनल नमुन्यादाखल उभं केलेलं आहे आणि आकडे हिशेब डोक्यात बसावा म्हणून गोल केलेले आहेत. त्यांच्याकडे बाजारभाव म्हणून पाहू नये. यंत्रणेचे नियम, टक्केवारी आणि हिशेबाची रीत मात्र खरी आहे, आणि अशी घसरण कुठल्याही मराठी चॅनलच्या पडद्यावर दिसू शकते.

आरपीएम हा दर नाहीच

बहुतेकांचा घोळ इथे होतो. यूट्यूब स्टुडिओत दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. सीपीएम म्हणजे एक हजार वेळा जाहिरात दाखवल्याबद्दल जाहिरातदाराने मोजलेली रक्कम. तिच्यातून यूट्यूबचा वाटा अजून वजा झालेला नसतो. आरपीएम म्हणजे तुमच्या वाट्याला आलेली सगळी मिळकत भागिले सगळे व्ह्यूज, गुणिले हजार. "सगळे व्ह्यूज" यात जाहिरात न लागलेले व्ह्यूजही आले, आणि "सगळी मिळकत" यात प्रीमियम सदस्यांकडून येणारा वाटा, मेंबरशिप, सुपर चॅट हेही आलं. या जोडप्याची मेंबरशिप नाही आणि ती दोघं थेट प्रक्षेपणही करत नाहीत. म्हणून इथे आरपीएम जवळजवळ निव्वळ जाहिरातींचाच आहे.

लांब व्हिडिओच्या पानावर लागणाऱ्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा निर्मात्याचा असतो. त्यामुळे लांब व्हिडिओसाठी साखळी अशी होते:

```
मिळकत = जाहिराती दिसल्याची संख्या ÷ 1000 × CPM × 0.55
RPM   = मिळकत ÷ व्ह्यूज × 1000
```

दुसऱ्या ओळीत भागाकार आहे. छेद फुगला की उत्तर लहान होतं, मग पहिल्या ओळीतला भाव वाढलेला असला तरी. मंडईत हापूस सहाशे रुपये डझन आणि पायरी दोनशे रुपये डझन विकणाऱ्याने एखाद्या दिवशी पायरीच्या शंभर पेट्या जास्त खपवल्या, तर त्याची "सरासरी पेटी" स्वस्त होते. म्हणून हापूसचा भाव पडला असं तो म्हणत नाही. या चॅनलच्या मालकांनी तसंच म्हटलं.

तेव्हा काम एकच उरतं: पेट्या वेगळ्या करायच्या. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी शॉर्ट्स आणि लांब व्हिडिओ, मग प्रेक्षकांचा देश, मग विषय. सगळ्यांत मोठी दरी पहिल्या फोडीत असते, म्हणून ती आधी. ती न करता देशांकडे गेलात तर प्रत्येक देशाचा आकडा शॉर्ट्समुळे पातळ झालेला दिसेल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

पहिली फोड: शॉर्ट्स बाजूला

स्टुडिओत `Analytics` उघडून `Advanced mode` मध्ये गेलं की `Content type` नावाची फोड मिळते. तिथे दोन्ही महिने लावल्यावर हे दिसलं. सप्टेंबरमध्ये लांब व्हिडिओंचे २,००,००० व्ह्यूज, मिळकत ₹१६,०००, आरपीएम ₹८०. शॉर्ट्सचे ५०,००० व्ह्यूज, मिळकत ₹१५०, आरपीएम ₹३. ऑक्टोबरमध्ये लांब व्हिडिओंचे ३,२०,००० व्ह्यूज आणि ₹१७,७३०, म्हणजे ₹५५.४०. शॉर्ट्सचे तब्बल ४,८०,००० व्ह्यूज आणि ₹१,४४०. आरपीएम तोच, ₹३.

आठ लाखांतले पावणेपाच लाखांहून जास्त व्ह्यूज तीन रुपये हजारी भावाचे. सरासरी ₹२४ वर येण्याचं मोठं कारण इथेच सापडलं.

शॉर्ट्सचा भाव इतका खाली का, हेही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर "आमचेच शॉर्ट्स वाईट" अशी समजूत होते. १ फेब्रुवारी २०२३ पासून शॉर्ट्सना जाहिरातींचा वाटा मिळू लागला, पण तो वेगळ्या रीतीने मिळतो. शॉर्ट्सवरची जाहिरात तुमच्या व्हिडिओला चिकटलेली नसते. ती फीडमध्ये दोन शॉर्ट्सच्या मध्ये येते. म्हणून त्या जाहिरातींचे पैसे एकत्र जमा होतात, त्यातून संगीताच्या हक्कांचा भाग निघतो आणि उरलेली निर्मात्यांची रास प्रत्येक देशात व्ह्यूजच्या प्रमाणात वाटली जाते. तुमच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के तुम्हाला मिळतात. तुमच्या शॉर्टचा विषय गृहकर्ज असो की मांजर, त्या देशातल्या राशीतला हिस्सा व्ह्यूजवरच ठरतो. लांब व्हिडिओत विषयाचा जो फायदा मिळतो, तो इथे मिळतच नाही.

एक बारकावा. मार्च २०२५ च्या अखेरपासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू मोजला जातो, पण पैसे `Engaged views` या वेगळ्या, लहान आकड्यावर ठरतात. वर धरलेले शॉर्ट्सचे व्ह्यूज या दुसऱ्या प्रकारचे आहेत. पडद्यावरच्या मोठ्या आकड्याने भागलंत तर शॉर्ट्सचा भाव आहे त्याहूनही केविलवाणा दिसेल. आणखी एक: ऑक्टोबर २०२४ च्या मध्यापासून तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट म्हणूनच धरला जातो. अडीच मिनिटांचा "छोटा लांब व्हिडिओ" उभ्या फोनवर चित्रित केलात, तर तो न विचारता तीन रुपयांच्या टोपलीत जाऊन पडतो.

पण शॉर्ट्स काढूनही लांब व्हिडिओंचा आरपीएम ८० वरून ५५.४० वर आलेला आहेच. तो का?

दुसरी फोड: माणूस कुठे बसून बघतोय

`Content type` लांब व्हिडिओंवर गाळून `Geography` ची फोड लावली. त्यात हे निघालं:

| देश | सप्टेंबर व्ह्यूज | आरपीएम | ऑक्टोबर व्ह्यूज | आरपीएम |
|---|---|---|---|---|
| भारत | १,६०,००० | ₹५० | २,९०,००० | ₹३९ |
| अमेरिका | २०,००० | ₹३०० | १६,००० | ₹३१० |
| इतर | २०,००० | ₹१०० | १४,००० | ₹१०५ |

सप्टेंबरमध्ये अमेरिकेतले व्ह्यूज दहा टक्के होते आणि त्यांनी आणले ₹६,०००, म्हणजे लांब व्हिडिओंच्या मिळकतीतले साडेसदतीस टक्के. ऑक्टोबरमध्ये तिथल्या व्ह्यूजचं प्रमाण पाच टक्क्यांवर आलं.

इथे देश म्हणजे प्रेक्षकाचा देश. चॅनल सांगलीचं आहे याने दर ठरत नाही. व्हिडिओ सुरू होतो त्या क्षणी त्या प्रेक्षकासाठी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो. न्यू जर्सीत स्वयंपाक करता करता मराठी व्हिडिओ ऐकणाऱ्या बाईंसाठी अमेरिकेतले जाहिरातदार बोली लावतात: तिथल्या विमा कंपन्या, तिथली दुकानं, भारतात पैसे पाठवून देणाऱ्या सेवा. त्या बाईंचं यूट्यूब इंग्रजीत असेल तर इंग्रजी जाहिराती लागतात, मागे आवाज मराठी असला तरी. जाहिरातदाराला मराठी व्हिडिओशी कर्तव्य नसतं. डॉलरमध्ये कमावणारा एक ग्राहक त्याला मिळवायचा असतो, आणि असा ग्राहक मिळाला तर त्याला सुटणारा नफाही डॉलरमध्ये असतो. म्हणून बोली चढते. या चॅनलच्या अमेरिकेतल्या ₹३०० आरपीएममागे जाहिरातदारांनी हजार व्ह्यूजमागे सुमारे ₹५४५ मोजलेले आहेत, आणि भारतातल्या ₹५० मागे सुमारे ₹९१.

यावरूनच "इंग्रजीत बोलूया" हा विचार आला होता. पण अमेरिकेतला प्रेक्षक या चॅनलकडे येतो तो मराठीसाठीच आणि भारतातल्या त्याच्या घरादाराच्या, खात्यांच्या प्रश्नांसाठी. इंग्रजीत त्याच विषयावर शेकडो चॅनलं आहेत आणि इंग्रजीत बोलल्याने भारतातल्या प्रेक्षकाचा भाव वाढत नाही. भाषा बदलणं म्हणजे दर बदलणं नव्हे. प्रेक्षक बदलला तरच दर बदलतो.

तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अमेरिका आणि इतर देशांचा आरपीएम किंचित वाढला आहे. भारताचा मात्र ५० वरून ३९ वर आला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत भारतात जाहिरातदारांची झुंबड असते, तेव्हा भाव वाढायला हवा होता. म्हणजे भारताच्या टोपलीतही दोन प्रकारचा माल मिसळलेला आहे.

तिसरी फोड: विषय

भारतातले ऑक्टोबरचे व्ह्यूज व्हिडिओवार लावल्यावर कोडं सुटलं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी कशी करायची यावर केलेले व्हिडिओ भारतात १,५०,००० वेळा पाहिले गेले. त्यांची मिळकत ₹३,६००, आरपीएम ₹२४. उरलेले नेहमीच्या विषयांवरचे १,४०,००० व्ह्यूज, मिळकत ₹७,७००, आरपीएम ₹५५. म्हणजे कर्ज-कर-विम्याच्या व्हिडिओंचा भाव भारतातही ५० वरून ५५ झाला होता. दिवाळीचा परिणाम जिथे दिसायला हवा तिथेच दिसला.

विषयामुळे दर बदलतो असं सगळे म्हणतात, पण विषयाला स्वतःचा भाव नसतो. विषयावरून जाहिरातदार दोन अंदाज बांधतो: समोरचा माणूस आत्ता काय विकत घ्यायच्या बेतात आहे, आणि तो ग्राहक झाला तर आपल्याला किती सुटणार. वीस वर्षांच्या गृहकर्जावर बँक लाखोंचं व्याज कमावते. असा एक ग्राहक मिळवण्यासाठी ती हजारो रुपये खर्च करू शकते, आणि "तरता दर की स्थिर दर" असा व्हिडिओ पाहणारा माणूस बहुधा कर्जाच्या उंबरठ्यावर उभा असतो. योजनेचा ओटीपी का येत नाही हे शोधणाऱ्या व्यक्तीला त्या घडीला काहीही विकत घ्यायचं नसतं. तिला फॉर्म भरायचा असतो. तिच्यासाठी बोली लावणारे म्हणजे साबण, चहा, मोबाइल रिचार्ज असे सगळ्यांनाच काहीतरी विकणारे. त्यांना कुणीही प्रेक्षक चालतो, म्हणून ते जास्त मोजत नाहीत.

याच तर्काने इतर विषयांचंही उमगतं. पाककृतींचे व्हिडिओ मधोमध असतात, कारण मसाले, तेल, स्वयंपाकघरातली यंत्रं विकणाऱ्यांना तो प्रेक्षक हवा असतो पण एका ग्राहकामागे नफा थोडा. विनोदी व्हिडिओ पाहणाऱ्याच्या मनात काय खरेदी आहे हे कुणालाच कळत नाही. लहान मुलांसाठीचे म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओंवर जानेवारी २०२० पासून प्रेक्षकाच्या आवडीनिवडी पाहून जाहिराती लावता येत नाहीत, त्यामुळे बोली उतरते. अपघात, गुन्हे, युद्ध अशा विषयांवर यूट्यूबने मर्यादित जाहिरातींचं पिवळं चिन्ह लावलं तर बरेच जाहिरातदार लिलावातच उतरत नाहीत, आणि प्रेक्षक अमेरिकेतला असूनही भाव पडतो.

योजनेच्या व्हिडिओंबद्दल तुच्छतेने बोलायचं कारण नाही. ₹३,६०० ही रक्कम खरी आहे आणि गरज असलेल्या लोकांना त्यांचा उपयोग झाला. प्रश्न एवढाच की त्यांच्यापायी काय मागे पडलं.

आता खरी घट

शॉर्ट्स आणि योजनेचे व्हिडिओ बाजूला ठेवून फक्त नेहमीच्या विषयांचे लांब व्हिडिओ घेतले तर ऑक्टोबरचं चित्र असं: भारत १,४०,०००, अमेरिका १६,०००, इतर १४,०००. एकूण १,७०,००० व्ह्यूज, ₹१४,१३०, आरपीएम ₹८३.१०. सप्टेंबरमध्ये तो ₹८० होता.

ही वाढ कुठून आली ते पाहायची एक सोपी युक्ती आहे: नव्या महिन्याचे व्ह्यूज घ्यायचे आणि त्यांना जुन्या महिन्याचे दर लावायचे. १,४०,००० ला ₹५०, १६,००० ला ₹३००, १४,००० ला ₹१०० लावले तर ₹१३,२०० येतात, म्हणजे हजारी ₹७७.६०. तेव्हा परदेशी प्रेक्षक घटल्याने आरपीएम ८० वरून ७७.६० वर उतरला, आणि दर चढल्याने ७७.६० वरून ८३.१० वर गेला. यूट्यूबने दर कापला हा आरोप इथे संपतो. पेट्या वेगळ्या केल्यावर शॉर्ट्सचा दर तसाच राहिला होता आणि बाकीचे सगळे वाढले होते.

पण याच ओळीत मालकांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट आहे. नेहमीच्या विषयांचे व्ह्यूज दोन लाखांवरून एक लाख सत्तर हजारांवर आले आणि त्यांची मिळकत ₹१६,००० वरून ₹१४,१३० वर. एकूण मिळकत ₹१६,१५० वरून ₹१९,१७० झाली खरी, म्हणजे ₹३,०२० ची वाढ. तिचे तुकडे केले तर योजनेच्या व्हिडिओंनी ₹३,६०० आणले, शॉर्ट्सनी ₹१,२९० जास्तीचे आणले, आणि मूळ दुकानाने ₹१,८७० गमावले.

कारण शोधायला फार खोल जावं लागलं नाही. महिन्याला आठ व्हिडिओ निघतात. ऑक्टोबरमध्ये त्यांतले तीन योजनेवर गेले, आणि अनिवासी भारतीयांसाठी दर महिन्याला निघणारे दोन व्हिडिओ निघालेच नाहीत. सप्टेंबरमध्ये अमेरिका आणि इतर देशांतले बहुतेक व्ह्यूज दोन व्हिडिओंवर होते: एनआरओ खात्यातून पैसे बाहेर नेण्यावरचा आणि अनिवासी मालकाकडून घर विकत घेताना टीडीएस कसा कापतात यावरचा. ऑक्टोबरमध्ये हेच जुने व्हिडिओ ओसरत्या पाण्यावर चालत राहिले. योजनेचा प्रेक्षक साहजिकच महाराष्ट्रातला, तो एनआरओच्या व्हिडिओकडे वळणार नव्हता.

आठ मिनिटांचा हट्ट

लांबीचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यातच सर्वांत जास्त अंधश्रद्धा आहे. व्हिडिओच्या मध्ये लागणाऱ्या जाहिराती, मिड-रोल, आठ मिनिटांच्या किंवा त्याहून लांब व्हिडिओतच लावता येतात. जुलै २०२० च्या आधी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. लांबीमुळे जाहिरातीचा भाव वाढत नाही, एका बघण्यात दिसणाऱ्या जाहिरातींची संख्या वाढते. हा फरक तीन व्हिडिओंवर दिसतो. तिघांचा विषय एकच, प्रेक्षक भारतातला.

पहिला साडेसहा मिनिटांचा. १०,००० व्ह्यूज, त्यांपैकी ४,५०० वेळा किमान एक जाहिरात लागली. एकूण ५,००० जाहिराती दिसल्या. सीपीएम ₹१२०. म्हणजे जाहिरातदारांनी मोजले ₹६००, निर्मात्याला ₹३३०. आरपीएम ₹३३.

दुसरा बारा मिनिटांचा, गृहकर्जाच्या हप्त्याचं कोष्टक ओळीओळीने समजावणारा. १०,००० व्ह्यूज, ५,००० वेळा जाहिरात लागली, एकूण ९,५०० जाहिराती दिसल्या. सीपीएम ₹११०, आधीच्यापेक्षा कमी. जाहिरातदारांनी मोजले ₹१,०४५, निर्मात्याला जवळपास ₹५७५. आरपीएम ₹५७.५०. सीपीएम उतरला आणि आरपीएम पाऊणपट वाढला. नुसता सीपीएम पाहणाऱ्याला वाटलं असतं की हा व्हिडिओ कमी कमावतोय.

तिसरा म्हणजे उपाय म्हणून केलेला. मुळात चार मिनिटांचा मजकूर. सुरुवातीला लांबलचक प्रस्तावना, मध्ये तीच वाक्यं दोनदा, आणि शेवटी "सबस्क्राइब करा"चं पारायण करून तो आठ मिनिटं दहा सेकंदांवर नेला. मिड-रोल चौथ्या मिनिटाला ठेवली. प्रेक्षकांनी सरासरी दोन मिनिटं वीस सेकंद पाहिला आणि चौथ्या मिनिटापर्यंत पाचातला एकच पोचला. न पोचलेल्याला जाहिरात दिसत नाही आणि न दिसलेल्या जाहिरातीचे पैसे येत नाहीत. लोक लवकर उठून जातात हे पाहून यूट्यूबने तो पुढे कमी जणांना सुचवला. व्ह्यूज ६,०००, जाहिराती ३,३००, सीपीएम ₹११५, निर्मात्याला ₹२०९. आरपीएम ₹३४.८०.

पहिल्या व्हिडिओचा आरपीएम ३३, तिसऱ्याचा ३४.८०. म्हणजे सुधारणा झाली असं पडदा सांगतो, आणि खात्यात मात्र ₹३३० ऐवजी ₹२०९ जमा होतात. आरपीएमकडे एकट्याकडे पाहण्याचा तोटा याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

तेव्हा ताणायच्या आधी त्या चॅनलच्या सहा-सात मिनिटांच्या व्हिडिओंचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडून पाहावा. पाचव्या मिनिटाला अजून चाळीस-पन्नास टक्के लोक थांबलेले असतील आणि विषयात सांगण्यासारखं शिल्लक असेल, तर तो व्हिडिओ दहा मिनिटांचा होऊ शकतो. दुसऱ्याच मिनिटाला आलेख कोसळत असेल तर लांबीने काही होणार नाही. अडचण सुरुवातीत आहे.

मिड-रोलची जागाही हिशेबाचीच बाब आहे. मे २०२५ पासून यूट्यूब वाक्य संपतं किंवा दृश्य बदलतं अशा नैसर्गिक थांब्यांवर जाहिराती लावण्यावर भर देतं. हाताने ठेवलेली खूण वाक्याच्या अध्येमध्ये असेल तर तिथे जाहिरात लागण्याची शक्यता कमी होते. कोष्टकाचा एक भाग संपून दुसरा सुरू होताना अर्धा सेकंद शांतता ठेवणं एवढं साधं काम पुरतं. गणित तोंडावर आलेलं असताना, "म्हणजे एकूण व्याज झालं…" इथे खूण ठेवणारेही आहेत. तिथून प्रेक्षक जातो आणि परत येत नाही.

हातात किती पडतात

स्टुडिओतला आरपीएम कर कापण्याआधीचा असतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या मिळकतीवर जून २०२१ पासून गूगल तिथला कर कापून घेतं. भारतातल्या व्यक्तीने, गूगल ज्यातून पैसे देतं त्या ॲडसेन्स खात्यात कराची माहिती भरून, पॅन देऊन दोन देशांमधल्या कराराचा लाभ मागितला तर हा दर १५ टक्के. या चॅनलच्या ऑक्टोबरमध्ये तो फक्त अमेरिकेच्या ₹४,९६० वर, म्हणजे ₹७४४. शॉर्ट्समधला अमेरिकी भाग इथे नगण्य धरला आहे. माहिती भरली पण कराराचा लाभ मागायचा राहिला, तर ३० टक्के, ₹१,४८८. आणि माहितीच भरली नाही, तर व्यक्तीच्या खात्यातून जगभरातल्या सगळ्या मिळकतीवर २४ टक्के जाऊ शकतात: ₹१९,१७० वर सुमारे ₹४,६००. सांगलीतल्या प्रेक्षकाने पाहिलेल्या व्हिडिओवरही. अमेरिकेचा ₹३१० आरपीएम कर कापून ₹२६३.५० होतो. भारताच्या ५५ च्या तुलनेत तरीही पावणेपाचपट.

काय बदललं, आणि कशावर विसंबू नये

शॉर्ट्स बंद करायची गरज उरली नाही, फक्त त्यांचा हिशेब वेगळ्या ओळीत गेला. एका शॉर्टला दोन तास लागतात आणि महिनाभराचे शॉर्ट्स ₹१,४४० आणतात. त्यांतून लांब व्हिडिओकडे किती जण येतात हे पाहूनच पुढचा निर्णय घ्यायचा. योजनेवर महिन्याला एकच व्हिडिओ, आणि अनिवासी भारतीयांचे दोन व्हिडिओ कुठल्याही लाटेत वगळायचे नाहीत, असं ठरलं. ते दोन भारतीय वेळेनुसार शनिवारी संध्याकाळी टाकायचे, तेव्हा अमेरिकेत शनिवार सकाळ असते.

नोंदवहीत आता दर महिन्याला चारच ओळी भरल्या जातात: शॉर्ट्स, भारत नेहमीचे विषय, भारत योजना, परदेश. प्रत्येक ओळीत व्ह्यूज, मिळकत आणि त्यांचा भागाकार. एकत्रित आरपीएमचा रकाना ठेवलेलाच नाही.

या ओळी वाचतानाही हात आखडता ठेवावा लागतो. अमेरिकेचे १६,००० व्ह्यूज हा लहान ढीग आहे. पैसे पाठवणाऱ्या एखाद्या सेवेने दोन आठवडे जोरात जाहिरात केली की ₹३१० चे ₹३८० होतील आणि मोहीम संपली की ₹२६०. दहा-पंधरा टक्क्यांच्या चढउतारावरून तिथे काही ठरवू नये, तीन महिने एकत्र घ्यावेत. डिसेंबर आणि जानेवारीची तुलना तर करूच नये. वर्षअखेरीला जाहिरातदारांना अंदाजपत्रक संपवायचं असतं आणि जानेवारीत ते नव्याने सुरू होतं, त्यामुळे दर दरवर्षी पडतात. करविषयक व्हिडिओंना मार्चमध्ये जो भाव मिळतो तोही एप्रिलमध्ये टिकत नाही. जानेवारीची गाठ गेल्या जानेवारीशीच घालावी. आणि चालू महिन्याचे आकडे अंदाजी असतात. बनावट क्लिक वजा होऊन रक्कम पक्की व्हायला पुढचा महिना उजाडावा लागतो, म्हणून वहीतली ओळ महिना संपल्यावर दहा-बारा दिवसांनी भरायची.